नवरा-बायकोतला ट्रेडिंगचा कागद: तोटा नक्की कसा मोजायचा

प्रश्न: डिचोलीत राहतो. पगार 62 हजार, बायको प्राथमिक शिक्षिका. दोन वर्षं निफ्टीचे ऑप्शन करतोय, गेल्या वर्षी 1 लाख 40 हजार गेले. बायको म्हणते, बजेट किती, महिन्याला जास्तीत जास्त तोटा किती आणि परत बसून कधी बघायचं हे लिहून दे, मगच पुढचं. मी तयार आहे. पण लिहायचं काय? स्टॅम्प पेपर, नोटरी लागते का?

उत्तर:

स्टॅम्प पेपर नको, नोटरीही नको. वहीचं मधलं जोडपान काढा, दोन नकला करा, दोघांनी सह्या करा, काम झालं. घरातल्या अशा कागदावर सहसा कोणी कोर्टात जात नाही, आणि गेलं तरी फारसं काही हाती लागत नाही. ब्रोकरला तो बांधत नाही, बँकेलाही नाही. त्याचा उपयोग एवढाच, की महिनाअखेरीला "आपलं काय ठरलं होतं" यावर वाद घालायला जागा उरत नाही. म्हणून सगळं बळ शब्द नेमके लिहिण्यात घालायचं.

मी म्हापशात 21 वर्षं लोकांची आयकर विवरणं भरते. पूर्वी टेबलासमोर एकटा नवरा किंवा एकटी बायको येऊन बसायची. गेल्या काही वर्षांत ट्रेडिंगमुळे दोघं एकत्र येतात, आणि आकडा मी वाचून दाखवला की दोघांपैकी एकाला तो पहिल्यांदाच कळतो. त्यातून असले कागद लिहून द्यायची सवय लागली. पहिला कागद सपशेल फसला, तो खाली सांगते. त्याआधी गोव्यापुरती एक गोष्ट.

तुम्ही दोघं गोव्यातले असाल, 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा तुम्हाला लागू असेल आणि लग्नाआधी वेगळा करारनामा केला नसेल, तर तुमची मालमत्ता सामाईक आहे. लग्नानंतर ही व्यवस्था बदलता येत नाही. त्यामुळे "ट्रेडिंगचा तोटा माझा एकट्याचा" असं कागदावर लिहिलंत तरी त्याला अर्थ नाही. आयकरही हेच धरून चालतो. 1961 च्या कायद्यात जे कलम 5ए होतं, त्या नियमाप्रमाणे पगार ज्याचा त्याच्याकडे राहतो, पण बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं वाटलं जातं. फ्युचर-ऑप्शनचा हिशेब धंद्याच्या सदरात जातो, म्हणजे तो तुमच्या बाईंच्या विवरणातही शिरतो. कित्येक शिक्षिका वर्षानुवर्षं "सहज" नावाचा सोपा फॉर्म भरत असतात. 5ए लागू असलेल्यांना तो फॉर्म चालत नाही, हे नवऱ्याचं ट्रेडिंग माझ्या टेबलावर आल्यावर त्यांना समजतं.

हे आधी सांगायचं कारण असं, की तुमच्या प्रश्नात परवानगी मागितल्याचा सूर आहे. बायको परवानगी देत नाहीये. खातं तुमच्या नावावर असलं तरी त्यातला निम्मा वाटा तिचा आहे, आणि ती तो वाटा किती धोक्यात घालायचा ते ठरवतेय. कागद दोन मालकांमधला आहे असं धरून लिहा, म्हणजे "दरवेळी तुला का सांगू" हा प्रश्नच राहत नाही.

आता तो फसलेला कागद. फोंड्याकडचं जोडपं (ओळख पटू नये म्हणून थोडं बदललंय). तो वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत, ती पंचायतीत कारकून. मी लिहून दिलं होतं: "महिन्याला 9,000 रुपयांपेक्षा जास्त तोटा झाल्यास त्या महिन्यापुरतं ट्रेडिंग बंद." मला वाटलं, याहून स्पष्ट काय असणार? दोन महिन्यांनी दोघं माझ्याकडे भांडत आली. तो म्हणत होता तोटा 8,200, मर्यादेच्या आत. ती म्हणत होती निदान पंधरा हजार गेले. दोघांच्या हातात तेच खातं, तोच महिना.

मी त्याच्या फोनवरून आकडे एका कागदावर उतरवून घेतले. महिन्याच्या पहिल्या तारखेला खात्यात 60,000 होते. मध्यावर त्याने 10,000 आणखी भरले. काढले काहीच नाहीत. ॲपच्या नफा-तोट्याच्या पानावर तोटा 8,200 दिसत होता. पण ते पान खर्च धरत नव्हतं. 35 वेळा घेतलं-विकलं होतं आणि ब्रोकरेज, एसटीटी, जीएसटी, एक्स्चेंजचे आकार धरून दर वेळी साधारण साठ रुपये, असे 2,140 गेले होते. शिवाय 30,000 चे एका कंपनीचे शेअर चार दिवसांत विकायचे म्हणून घेतले होते, ते पडले. न विकता ठेवले आणि त्यांना "गुंतवणूक" म्हणू लागला. महिनाअखेरीला त्यांची किंमत 24,600 होती. विकले नव्हते, म्हणून ॲपच्या लेखी तो तोटा नव्हताच.

मग मी ॲपचं ते पान बाजूला ठेवलं आणि चारच आकडे घेतले. सुरुवातीची किंमत 60,000, अधिक भरलेले 10,000, वजा काढलेले शून्य, म्हणजे 70,000. त्यातून आजची किंमत वजा करायची. आजची रोकड 29,660 आणि शेअर बाजारभावाने 24,600, मिळून 54,260. तोटा 15,740. बायकोचा अंदाज बरोबर होता, आणि तिने तो फक्त पासबुक बघून बांधला होता.

चूक त्याच्या लबाडीत कमी आणि माझ्या वाक्यात जास्त होती. "तोटा" या शब्दाचा अर्थच मी लिहिला नव्हता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कागदाचं पहिलं वाक्य हेच असतं: तोटा म्हणजे महिन्याच्या सुरुवातीची खात्याची किंमत, अधिक महिन्यात भरलेले पैसे, वजा काढलेले पैसे, वजा महिनाअखेरची किंमत, आणि किंमत म्हणजे रोकड, हातातले सगळे शेअर बाजारभावाने आणि उघड्या पोझिशन, म्हणजे अजून न मिटवलेले सौदे, त्या दिवशीच्या भावाने. या हिशेबात खर्च आपोआप येतो, न विकलेला तोटाही येतो. शेअरला गुंतवणूक म्हणा नाहीतर आजोबांची आठवण म्हणा, फरक पडत नाही. खरंच लांबची गुंतवणूक करायची असेल तर ती दुसऱ्या डिमॅटमध्ये, आणि घेण्याआधी ठरवून.

मोजायचं काम ट्रेडिंग न करणाऱ्याने करावं. तुम्ही दर शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर दोन स्क्रीनशॉट पाठवायचे, एक फंडाच्या पानाचा आणि एक होल्डिंग-पोझिशनचा, आणि बाईंनी वहीत चार आकडे लिहायचे. दोन मिनिटांचं काम आहे. महिन्यातून एकदाच मोजलंत तर मर्यादा ओलांडून पंधरा दिवस उलटलेले असतात. पासबुकावरून मात्र अंदाज बांधू नका, तो दोन्ही बाजूंनी चकवतो. सेबीच्या नियमाप्रमाणे ब्रोकरला खात्यातली मोकळी रक्कम ठराविक काळाने तुमच्या बँकेत परत पाठवावी लागते. एका घरात या जमेला नफा समजून शीतकपाट आलं होतं.

आता बजेट. "पगाराच्या दहा टक्के" वगैरे हिशेब मी करत नाही, कारण तो रक्कम दर महिन्याला नव्याने ओतायला मुभा देतो. माझा हिशेब उलटा असतो. आधी महिन्याची मर्यादा ठरवा, तिला पुढच्या आढाव्यापर्यंतच्या महिन्यांनी गुणा, जे येईल ते बजेट. तुमच्या घरात 5,000 ची मर्यादा आणि सहा महिन्यांवर आढावा धरला तर बजेट 30,000. ते एकदाच भरायचे, आढाव्यापर्यंत वर एक पैसा नाही. वाईटात वाईट काय होईल ते पहिल्याच दिवशी दोघांना माहीत असतं, आणि 30,000 जाणं तुमच्या घराला जड असलं तरी झेपण्यासारखं आहे. गेल्या वर्षी तुमचे महिन्याला साडेअकरा हजारांच्या वर गेले, तेव्हा 5,000 तुम्हाला कमी वाटेल. ते कमी वाटायलाच हवं.

इथे एक अडचण येते आणि ती लपवण्यात अर्थ नाही. निफ्टीचा लॉट, म्हणजे एका सौद्यात घ्यावीच लागणारी किमान संख्या, 65 चा आहे. 100 रुपये प्रीमियमचा एक ऑप्शन घेतलात तर 6,500 लागतात आणि ते सगळे जाऊ शकतात. म्हणजे एकच सौदा महिन्याच्या मर्यादेबाहेर जातो. तुम्ही म्हणाल, स्टॉप-लॉस लावीन. पण सकाळी बाजार उघडतानाच भाव खाली असेल तर स्टॉप-लॉस तुमच्या आकड्यावर सुटत नाही. 4 जून 2024, लोकसभेच्या निकालाचा दिवस आठवा. निफ्टी एका दिवसात 1,379 अंकांनी खाली बंद झाला. त्या हिशेबाने 65 चा एक फ्युचर लॉट जवळजवळ 90 हजारांनी आत गेला असता. असल्या दिवशी 5,000 ची मर्यादा नुसती कागदावर राहते.

म्हणून कागदात दुसरं वाक्य हवं: कुठल्याही क्षणी उघड्या पोझिशनचा जास्तीत जास्त संभाव्य तोटा त्या महिन्याच्या उरलेल्या मर्यादेत बसला पाहिजे. घेतलेल्या ऑप्शनमध्ये हा तोटा म्हणजे दिलेला पूर्ण प्रीमियम. 100 ला एक कॉल घेऊन 100 अंक वरचा 60 ला विकलात तर 40 गुणिले 65, म्हणजे 2,600 आणि वर खर्च. हे बसतं, पण त्याला मार्जिन बरंच जास्त अडकतं, ते आधी ब्रोकरच्या कॅल्क्युलेटरवर बघून घ्या. नुसता ऑप्शन विकलात किंवा फ्युचर घेतलंत तर जास्तीत जास्त तोट्याचा आकडाच लिहिता येत नाही, तेव्हा ते दोन्ही या कागदाबाहेर. तुमच्या बजेटात निफ्टी ऑप्शन कसाबसा मावतो, हे कागद लिहितानाच दिसतं. सेबीने नोव्हेंबर 2024 पासून निर्देशांकाच्या कराराची किमान किंमत 15 लाख केली ती लोकांनी झेपेल तेवढाच धोका घ्यावा म्हणून. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या शंभरांतल्या 93 जणांचे पैसे गेले, हाही सेबीचाच आकडा. मला विचाराल तर पहिले सहा महिने रोखीच्या शेअरमध्येच काढा. पण ते तुम्ही दोघांनी ठरवायचं.

पैसे कुठून जाणार तेही लिहा. ब्रोकर तुमच्याच नावाच्या, नोंदवलेल्या बँक खात्यातून पैसे घेतो. तेव्हा पगाराचं खातं ब्रोकरकडून काढून टाका, वेगळं बचत खातं उघडून फक्त तेच जोडा आणि त्यात 30,000 टाका. रात्री अकरा वाजता "उद्या पक्कं वर जाणार" असं वाटलं तरी पगार थेट जाणार नाही, मध्ये एक पायरी राहते. क्रेडिट कार्ड, सोसायटीचं कर्ज, सोनं, विम्यावरचं कर्ज, ब्रोकरची मार्जिन फंडिंग, नातेवाईकांकडून उसने, हे सगळं एका वाक्यात बंद करा.

आणि प्लेज, म्हणजे तारण. याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. एका गृहस्थांचं पासबुक अगदी स्वच्छ होतं, सहा महिन्यांत ब्रोकरकडे एक रुपया गेलेला नव्हता. बायको खूश. प्रत्यक्षात मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले म्युच्युअल फंड त्यांनी ब्रोकरकडे तारण ठेवले होते आणि त्या मार्जिनवर सौदे चालले होते. तोटा खात्यात उणे दिसत होता, त्यावर व्याज चढत होतं, आणि शेवटी ब्रोकरने फंड विकून वसूल केला. बायकोला कळलं ते फंडाच्या विक्रीचा ईमेल आला तेव्हा. "बजेट" म्हणजे भरलेली रोकड अधिक तारण ठेवलेलं सगळं, असं लिहा. साधा उपाय म्हणजे प्लेज शून्य.

मर्यादा ओलांडली की काय, हे वाक्य सगळ्यात कोरडं लिहायचं. पुढच्या कामाच्या दिवशी सकाळी साडेदहापर्यंत सगळ्या पोझिशन बंद, आणि महिना संपेपर्यंत खातं बंद. "बंद" म्हणजे ॲप उघडायचं नाही अशी शपथ नव्हे. बऱ्याच ब्रोकरकडे सेगमेंट बंद करायची सोय असते, शिवाय 1 जुलै 2024 पासून ऑनलाइन ट्रेडिंग खातं आपण होऊन गोठवून घ्यायची सोय ब्रोकरला द्यावीच लागते. कागद लिहायच्या दिवशीच ती आपल्या ॲपमध्ये कुठे आहे ते शोधून ठेवा. तोट्याच्या दिवशी ती सापडत नाही, निदान शोधणाऱ्याला तरी.

इथे दोन पळवाटा असतात. पहिली, "गेल्या महिन्यात 2,000 च गेले, म्हणून या महिन्यात 8,000." दुसरी, "गेल्या महिन्यात 14,000 कमावले, ते बाजाराचेच पैसे." दोन्हींना एकच उत्तर लिहा: उरलेली मर्यादा पुढे जात नाही आणि नफ्याने ती वाढत नाही. 30,000 च्या वर खात्यात जे असेल ते महिनाअखेरीला काढून दोघांच्या सामाईक खात्यात. त्यातला थोडा कर म्हणून बाजूला ठेवा, कारण विवरण दोघांचं आहे.

आढाव्याची तारीख खरोखरची तारीख असू द्या, "सहा महिन्यांनी" नको. मी दोन सुचवते. पहिली एप्रिलच्या मध्यावरची, कारण तोवर ब्रोकरचा वर्षाचा नफा-तोट्याचा अहवाल हातात येतो आणि 5ए च्या वाटणीला तोच लागतो. दुसरी ऑक्टोबरच्या मध्यावरची. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा. तेव्हा घरात खर्च वर आलेला असतो, पाहुणे यायचे असतात, माटोळीचं सामान आणायचं असतं, आणि "थोडे कमावले तर बरं होईल" हा विचार अशाच वेळी सुचतो.

बसल्यावर बघायचं थोडंच. वहीतले सहा महिन्यांचे सहा आकडे आणि मर्यादा किती वेळा मोडली. कोणता सौदा का फसला ही चर्चा त्या दिवशी करू नका. ती सुरू झाली की ट्रेडिंग करणारा बोलत राहतो, दुसरा ऐकत राहतो आणि निर्णय होत नाही. सहा महिने एकूण तोट्यात असाल तर मर्यादा निम्मी किंवा शून्य, वाढवणं नाही. मुदतीत विवरण भरलंत तर धंद्याचा तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, तेव्हा "भरून काढायला चालू ठेवतो" हे करबचतीचं कारणही चालवून घेऊ नका.

आणखी दोन वाक्यं मी हट्टाने घालते. मर्यादा खाली आणायची तर दोघांपैकी कोणीही, कधीही, एका निरोपावर; वाढवायची तर फक्त आढाव्याच्या दिवशी आणि दोघांच्या सहीने. आणि आढावा ठरल्या तारखेला झालाच नाही, कोणत्याही कारणाने, तर दुसऱ्या दिवसापासून ट्रेडिंग बंद. हे दुसरं वाक्य नसेल तर कागद फ्रिजवर चिकटलेला राहतो आणि तारीख निघून जाते. ज्याला चालू ठेवायचं आहे तो आठवण करून देत नाही. ते असलं की आठवण तुम्हीच करून द्याल.

एक गोष्ट या कागदाच्या आवाक्याबाहेरची आहे. दुसरं डिमॅट उघडलंत तर डिपॉझिटरीच्या एकत्रित विवरणात ते पॅनवरून दिसतं, ते विवरण बाईंच्याही ईमेलवर पाठवत जा. पण उघडे ऑप्शन सौदे त्या विवरणात येत नाहीत. म्हणून पुढचं मी जोडप्यांना तोंडी सांगते, लिहून देत नाही: शुक्रवारचा आकडा दोनदा खोटा निघाला, किंवा खातं गोठवल्यावर मित्राच्या खात्यातून सौदे सुरू झाले, तर नवा, कडक कागद लिहीत बसू नका. तेव्हा बजेटचं काम संपलेलं असतं. 14416 हा टेली-मानसचा फोन आहे, आणि बांबोळीला मानसोपचार संस्था आहे.

तुमच्या कागदाचा मसुदा देते. आकडे तुमचे तुम्ही बदला.

"तोटा म्हणजे सुरुवातीची किंमत अधिक भरलेले वजा काढलेले वजा आजची किंमत, न विकलेलं सगळं बाजारभावाने. बजेट 30,000 रुपये, एकदाच, वेगळ्या खात्यातून. कर्ज नाही, प्लेज नाही. महिन्याची मर्यादा 5,000. ती पुढे जात नाही, नफ्याने वाढत नाही. उघड्या पोझिशनचा जास्तीत जास्त तोटा उरलेल्या मर्यादेत. दर शुक्रवारी दोन स्क्रीनशॉट. मर्यादा ओलांडली की पुढच्या दिवशी साडेदहापर्यंत सगळं बंद, महिनाअखेरपर्यंत खातं गोठवलेलं. मर्यादा कमी करायचा हक्क दोघांना कधीही, वाढवायचा फक्त आढाव्याला. आढावा अमुक तारखेला, रविवारी सकाळी. झाला नाही तर दुसऱ्या दिवसापासून बंद."

तारीख तुम्ही दोघांनी मिळून भरा आणि वरचा मजकूर बाईंच्या हस्ताक्षरात असू द्या. पहिल्या शुक्रवारी चार आकडे वहीत उतरवताना कुठे अडलात तर ते आकडे पाठवा, बघून देते.